आधी दाब, मग कार्ट्रिज

शॉवरचं पाणी मध्येच ऊन, मध्येच गार व्हायला लागलं की कार्ट्रिज बदलून टाका, हे माझं ठरलेलं उत्तर होतं. मी पुण्यात प्लंबिंगची कामं घेतो. नव्या इमारतींच्या लाइनी टाकतो, जुन्यांच्या दुरुस्त्या करतो. या तक्रारीचा फोन आला की माणूस पाठवायच्या आधीच मी त्याच्या पिशवीत 35 आणि 40 मिलिमीटरचं एकेक कार्ट्रिज टाकायला सांगायचो. काम तासाभरात उरकायचं, पाणी सुधारायचं, गिऱ्हाईक खूश व्हायचं. आता त्याच पिशवीत आधी प्रेशर गेज जातं. आणि वरच्या मजल्यावर धार बारीक येते म्हणून कोणी नुसत्या गार पाण्याच्या लाइनीवर पंप बसवून मागितला, तर मी ते काम घेत नाही. पूर्वी मी स्वतः असे पंप सुचवत असे. मत का पालटलं, ते सांगतो.

आधी जुनं मत कशावर उभं होतं ते सांगायला हवं, कारण ते काही हवेत नव्हतं. एकाच दांड्याच्या मिक्सरच्या पोटात प्लॅस्टिकची एक डबी असते, तेच कार्ट्रिज. तिच्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर टेकलेल्या असतात. खालची चकती जागची हलत नाही. तिला तीन भोकं असतात: एक गरम पाण्याचं, एक गार पाण्याचं आणि एक मिसळलेलं पाणी बाहेर जायचं. वरची चकती दांड्याबरोबर सरकते. दांडा उचलला की भोकं उघडतात, डावी-उजवीकडे फिरवला की एक भोक जास्त उघडतं आणि दुसरं तेवढंच झाकलं जातं. डबीच्या बुडाशी रबराची सीलं असतात. पितळेच्या बॉडीतून आलेलं गरम आणि गार पाणी आपापल्या भोकातच जावं, शेजारच्या वाटेत शिरू नये, हे त्या सीलांचं काम.

पुण्याच्या आसपास बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्या पुष्कळ. त्या पाण्यात क्षार असतात, टाकी वेळेवर धुतली नसेल तर बारीक रेतीही असते. क्षार चकत्यांवर बसतात, रेती त्यांच्यावर ओरखडे ओढते आणि सोलरचं कढत पाणी सीलं कडक करतं. मग दांडा जड फिरतो, मिक्सर बंद करूनही शॉवर ठिबकत राहतो आणि हात न लावता पाण्याचं तापमान सरकतं. जुनं कार्ट्रिज उघडून चकती उजेडासमोर तिरकी धरली की नखाला लागेल असा ओरखडा दिसतो, कडेने पांढरी पुटं दिसतात. पुरावा हातात असतो. कार्ट्रिज बदललं की पाणी सुधारतं. एवढं दिसत असताना दुसरं कारण शोधायला कोण जाईल?

मला ते शोधायला लावलं एका सात मजली इमारतीने. गच्चीवर पाण्याची टाकी, तिच्या शेजारी सोलरच्या नळ्या आणि सोलरची टाकी. खालच्या पाच मजल्यांना गार पाणी थेट टाकीतून उताराने. सहाव्या आणि सातव्या मजल्याला धार बारीक मिळायची, म्हणून त्या दोन मजल्यांच्या गार लाइनीवर गच्चीत प्रेशर पंप बसवलेला. सोलरचं गरम पाणी मात्र सगळ्यांना उताराने. शहरातल्या पुष्कळ इमारतींत हीच मांडणी दिसेल.

तक्रारी सगळ्या वरच्या दोन मजल्यांच्या. आम्ही जायचो, कार्ट्रिज बदलायचो, काही महिने बरे जायचे आणि पुन्हा फोन. मी वेगळ्या कंपनीचं कार्ट्रिज वापरून पाहिलं, एका घरात अख्खा डायव्हर्टरच बदलायला सांगितला. फरशी फोडून तो बदललाही. फोन यायचा तो आलाच. एकदा सातव्या मजल्यावरच्या काकू वैतागून म्हणाल्या, “अहो, गुरुवारी लाइट जाते ना, तेव्हा माझी अंघोळ झकास होते. धार बारीक येते, पण भाजत तरी नाही. लाइट आली की नाटक सुरू.”

पुण्यात वीज कंपनीची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, त्यामुळे लाइट जाणं नवीन नाही. पण लाइट गेल्यावर काय थांबतं, तर पंप. कार्ट्रिजला विजेचं काही घेणंदेणं नाही. कार्ट्रिज झिजलं असेल तर ते लाइट असताना आणि नसतानाही झिजलेलंच असणार. मी वर जाऊन पंपाचा स्विच बंद केला आणि काकूंच्या बाथरूममध्ये शॉवर लावला. धार बारीक, पण दांडा जिथे ठेवावा तिथे पाणी स्थिर. स्विच चालू केला आणि मिनिटभरात पाणी डोलायला लागलं.

मग मोजलं. शॉवरचं तोंड काढून त्याच्या नळीला गेज लावलं, आधी दांडा पूर्ण गार बाजूला ठेवून, मग पूर्ण गरम बाजूला. आमच्या धंद्यात दाब किलोत सांगतात. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक किलो. गरम बाजूला 0.35 किलो. सोलरच्या टाकीपासून शॉवरपर्यंत उतार साडेतीन-चार मीटरचाच, तेव्हा याहून जास्त मिळणारच नव्हतं. गार बाजूला काटा 1.2 आणि 2 किलोच्या मध्ये खालीवर होत होता. पंप 1.2 ला सुरू होत होता आणि 2 ला बंद. गेज काढून शॉवर परत लावला आणि दहा लिटरची बादली भरून पाहिली. नुसतं गार पाणी 50 सेकंदांत बादली भरत होतं, नुसतं गरम भरायला दोन मिनिटं लागत होती. पंप बंद करून गेज पुन्हा लावलं, तेव्हा गार बाजू 0.4 किलोवर आली, म्हणजे गरमच्या जवळजवळ बरोबरीला. टाक्या शेजारी शेजारी असल्यामुळे दोन्ही लाइनी मुळात समानच होत्या. त्यांच्यातला फरक पंपाने आणला होता.

आता हा फरक मिक्सरमध्ये काय करतो ते पाहू. सोलरचं पाणी 60 अंश आणि गार पाणी 25 अंश असेल, तर 40 अंशाच्या अंघोळीला तीन भाग गरम आणि चार भाग गार लागतं. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर दांडा मधोमध, किंचित गारकडे राहील आणि तो बोटभर इकडेतिकडे झाला तरी मोठा फरक पडणार नाही. काकूंच्या घरी गार पाण्याचा दाब गरमच्या साडेतीन ते पावणेसहापट होता. तीनास चार हे प्रमाण साधायला दांडा गरमच्या टोकाला न्यावा लागायचा आणि गारचं भोक केसभर उघडं ठेवावं लागायचं. त्या टोकाला दांडा नखाएवढा हलला तरी चटका किंवा हुडहुडी. म्हणून घरातली माणसं अंघोळभर दांड्याशी खेळत बसायची.

दांडा जागचा हलवला नाही तरी पाणी बदलायचंच, आणि याचं कारण मला आधी कळलं नव्हतं. मिक्सरच्या पोटात दोन्ही पाणी एकत्र येतं तिथे, शॉवरच्या बारीक भोकांमुळे, पाठीमागे थोडा दाब साचतो. समजा तो पाव किलो आहे. गार पाण्याच्या पाठीशी दोन किलो असल्याने त्याला या पाव किलोचं काहीच वाटत नाही. गरम पाण्याकडे मात्र एकूण 0.35 किलो, त्यातले पाव किलो तिथेच गेले. उरलेल्या दशांश किलोवर ते आत येतं. आता पंप बंद झाला आणि गारचा दाब 2 वरून 1.2 वर उतरला, की गार पाणी कमी होतं. ते कमी झालं की पोटातला दाब उतरतो आणि दाबून धरलेलं गरम पाणी जास्त वाहू लागतं. एक कमी झालं आणि दुसरं वाढलं, असा दुहेरी फटका बसतो. हिशेब केला तर 40 अंशांचं पाणी जवळपास 44 वर जातं, पंप चालू झाला की पुन्हा 40. कातडीला चार अंश म्हणजे सोसवत नाही इतका फरक. दाब दोन्हीकडे सारखाच आणि एकदमच उतरला असता, तर धार बारीक झाली असती, पण पाणी 40 अंशांचंच राहिलं असतं.

पंपाशेजारच्या प्रेशर टँकचीही यात भर होती. त्या टँकच्या आत रबरी पिशवी असते, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. हवा दाबली जाते म्हणून पंपाला मिनिटामिनिटाला सुरू व्हावं लागत नाही. इथे टँकच्या डोक्यावरची, सायकलच्या ट्यूबला असते तशी पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं. पिशवी फाटली होती. त्यामुळे शॉवर चालू असेपर्यंत पंप दर काही सेकंदांनी सुरू-बंद होत होता आणि त्याच तालावर पाणी ऊन-गार होत होतं. टँक बदलल्यावर हे डोलणं बरंच सावकाश झालं, पण त्याची खोली तेवढीच राहिली, कारण 1.2 आणि 2 हे आकडे तेच होते आणि गरमचे 0.35 सुद्धा.

मग कार्ट्रिज निर्दोष होतं का? नव्हतं, आणि इथे मला माझं जुनं मत पूर्ण टाकून द्यावं लागलं नाही, त्याची जागा बदलावी लागली.

त्या इमारतीत गच्चीवर आणखी एक गोष्ट चालायची, जिच्याकडे आम्ही प्लंबर लोक बघत नव्हतो, कारण ती सोलरवाल्याची बाब. सोलरच्या टाकीला वर उघड्या तोंडाचा एक उभा पाइप असतो, वाफ आणि हवा बाहेर जायला. त्या पाइपातून रात्री-अपरात्री, कोणी पाणी वापरत नसताना, पाणी गळायचं. सोसायटीने सोलरवाल्याला दोन-तीनदा बोलावून झापलं होतं. टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत कोमट होतं, याचा ठपकाही त्याच्यावर. खरं तर ते पाणी खालून वर चढत होतं. सातव्या मजल्यावरच्या एका मिक्सरमधलं सील मेलं होतं. दांडा बंद असला तरी डबीच्या बुडाशी गरम आणि गार यांच्यामधली वाट उघडी होती. एकीकडे दोन किलो, दुसरीकडे 0.35. पंपाचं गार पाणी त्या फटीतून गरमच्या लाइनीत घुसायचं, उलटं वर जाऊन सोलरच्या टाकीत भरायचं आणि उभ्या पाइपातून बाहेर पडायचं. मधल्या सगळ्या घरांच्या गरम लाइनीत अर्थातच गार पाणी उभं असायचं.

सातव्या मजल्यावर ते घर कोणतं, हे शोधणं अगदी सोपं निघालं. गच्चीतून येणाऱ्या गरम लाइनीचा त्या घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घरात बेसिनचा नळ पूर्ण गरम बाजूला उघडायचा. लाइनीतलं उरलंसुरलं पाणी येऊन नळ कोरडा पडला तर सगळं ठीक. पण नळ मिनिट-दोन मिनिटांनीही वाहतच राहिला तर ते पाणी कुठल्या तरी मिक्सरमधून गारचंच येतंय. मग बाथरूममधल्या एकेका मिक्सरचे दोन्ही अँगल कॉक बंद करत जायचं. ज्याचे बंद केल्यावर बेसिनचा नळ थांबला, तोच चोर. एक गोष्ट आधी तपासून घ्यावी: हँड शॉवरला बटण असेल आणि मिक्सर उघडा ठेवून कोणी नुसतं बटणाने पाणी बंद केलं असेल, तर चांगल्या मिक्सरमधूनही हेच होतं. गरम आणि गार यांचं तोंड पोटात मोकळं आणि बाहेरची वाट बंद. जोरकस पाणी मग दुसऱ्याच्या लाइनीत शिरतं. तिथे कार्ट्रिज बदलून उपयोग नाही, मिक्सर बंद करायची सवय लावावी लागते.

यावरून मला जे कळलं ते असं. सील थोडं झिजलं आणि दोन्हीकडे दाब सारखा असेल, तर पाणी इकडून तिकडे जायला कारणच उरत नाही. ते कार्ट्रिज कित्येक वर्षं गप्प राहतं, फार तर ठिबकतं. तेच कार्ट्रिज एका बाजूला पंप असलेल्या घरात ठेवा, लगेच तमाशा सुरू होईल. शिवाय दांडा कायम टोकाला राहून रोज शंभरदा हलवला जातो आणि सीलावर रात्रंदिवस एकाच बाजूने दाब राहतो, म्हणून तिथलं कार्ट्रिज लवकर मरतंही. नवीन टाकलं की काही महिने बरं वाटतं, कारण नव्या सीलामुळे गार पाणी गरमच्या लाइनीत शिरायचं थांबतं. ते सील झिजलं की पुन्हा आमचा फोन वाजतो. खालच्या पाच मजल्यांवर, त्याच टाकीतल्या त्याच क्षारांच्या पाण्यावर, तीच कार्ट्रिजं निमूट चालली होती. हे मी रोज बघत होतो, पण त्यातून काय निघतं ते बघत नव्हतो.

मग उपाय कोणते? पहिला उपाय बहुतेक मिस्त्री करतात आणि मीही करत असे: गार पाण्याचा अँगल कॉक थोडा दाबायचा. त्याने दांडा टोकावरून मध्ये येतो आणि पाणी जुळवणं सोपं जातं, एवढा फायदा खरा. पण कॉक दाबून प्रवाह आवरला जातो, दाब नाही. पंप 2 वरून 1.2 वर आला की गार पाणी त्याच प्रमाणात कमी होणार आणि पाणी तेवढंच डोलणार. नळ बंद केला की कॉकपुढेही पूर्ण दोन किलो येऊन बसतात, म्हणजे गरम लाइनीत घुसखोरी चालूच.

दुसरा उपाय म्हणजे दोन्ही लाइनींवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. ते पाणी उलटं जाऊ देत नाहीत. सोलरचं नुकसान थांबतं, वरची गळती थांबते, म्हणून ते बसवावेतच. मात्र मिक्सरच्या पोटातली ओढाताण त्यांनी थांबत नाही. उलट 0.35 किलोवर चालणाऱ्या लाइनीत व्हॉल्व्हची स्प्रिंग जड असेल तर गरम पाणी आणखी कमी होतं, तेव्हा हलक्या पडदीचाच निवडावा.

तिसरा उपाय लोकांना फार आवडतो, तो म्हणजे महागडा थर्मोस्टॅटिक मिक्सर. त्याच्या आत मेणाची एक कांडी असते. पाणी तापलं की मेण फुगतं आणि गरमचं भोक आवळतं, पाणी निवलं की उलट. त्याच्या मुठीवर 38 अंशांचा थांबा असतो, बटण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी तो आवर्जून सुचवतो, कारण 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. पण त्यालाही दोन्हीकडून पुरेसा आणि साधारण सारखा दाब लागतो. 0.35 किलोचं गरम आणि दोन किलोचं गार त्याला दिलं, तर तो गरमचं भोक पूर्ण उघडून बसतो आणि तरी पाणी कोमटच येतं. मोठा खर्च करून घेतलेला मिक्सर निकामी म्हणून लोक मलाच बोल लावतात.

खरे उपाय दोनच. एक, पंप काढा आणि दोन्ही पाणी उताराने येऊ द्या. वरच्या मजल्यावर कमी दाबाला चालणारा, मोठ्या भोकांचा शॉवर लावा आणि लाइन जाड ठेवा. याला खर्च जवळजवळ नाही. दुसरा, पंप हवाच असेल तर गरमच्या लाइनीलाही लावा, तेवढ्याच दाबाचा.

त्या इमारतीत लोकांना जोरदार धार सोडायची नव्हती, म्हणून कमिटीने दुसरा पर्याय घेतला. तोही वाटतो तितका सोपा नाही. सोलरची टाकी उघड्या तोंडाची, दाबासाठी बांधलेली नाही. तिच्या मागे पंप लावून तिच्यात पाणी दाबलं तर ते उभ्या पाइपातून वाहून जाईल, आणि तो पाइप बंद केला तर टाकी फुगेल किंवा फुटेल. म्हणून पंप तिच्या पुढे, गरम पाणी बाहेर पडल्यानंतरच्या लाइनीवर बसवावा लागतो. तो गरम पाणी सोसणारा हवा. साध्या पंपाची सीलं सोलरच्या पाण्यात टिकत नाहीत. आणि पंपाने जेवढं ओढलं तेवढं गार पाणी टाकीत परत भरलं गेलं पाहिजे, नाहीतर टाकी उपसली जाते आणि पंप हवा खातो. तिथे भरण्याची लाइन अर्ध्या इंचाची होती, ती एक इंचाची केली. दोन्ही पंप दाब स्थिर ठेवणारे, म्हणजे सुरू-बंद न होता गती कमी-जास्त करणारे घेतले.

हे झाल्यावर काकूंच्या शॉवरवर पुन्हा गेज लावलं. गार 1.6 किलो, गरम 1.5. त्यानंतर त्या दोन मजल्यांवरची कार्ट्रिजं बदलली, कारण ती खराब तर झालीच होती. ते काम करताना पाळायच्या गोष्टी थोड्याच. दोन्ही लाइनी बंद करून दांडा उघडायचा म्हणजे अडकलेलं पाणी निघून जातं. खालच्या जाळीवर फडका टाकायचा, नाहीतर दांड्याचा बारीक स्क्रू गटारात जातो. लाल-निळ्या टोपीखालचा स्क्रू ॲलन कीने सैल करून दांडा काढायचा, मग घुमट आणि खालचा नट, आणि डबी सरळ वर ओढायची. रिकाम्या बॉडीतली बैठक फडक्याने आणि व्हिनेगरने साफ करायची, कारण तिथे क्षाराचा एक कण राहिला तरी नवं सील टेकत नाही. मग बॉडीवर पिशवी धरून एकेक लाइन क्षणभर उघडून गाळ बाहेर काढायचा. नव्या डबीचं माप आणि बुडाचे पाय जुन्या डबीशी ताडून पाहायचे. रबराला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. गाडीचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. नट हाताने आवळून पान्याने फक्त थोडा द्यायचा. जास्त आवळला की दांडा जड होतो आणि लोक त्याला कार्ट्रिजचा दोष म्हणतात.

काकूंच्या घरी दांडा आता मधोमध असतो. स्वयंपाकघरात कोणी नळ उघडला तर धार किंचित बारीक होते, पाणी तेच राहतं.

तुमच्या घरी हा त्रास असेल तर प्लंबरला बोलावायच्या आधी शॉवरखाली उभं राहून फक्त एक गोष्ट बघा: पाणी कसं बदलतं. ठरावीक तालात ऊन-गार होत असेल तर कारण पंप. कोणी नळ उघडला, फ्लश केला, वॉशिंग मशीनने पाणी घेतलं की बदलत असेल, तर कारण लाइनीतला दाब. बहुधा एकाच बारीक पाइपावर सगळं घर लटकलेलं असतं. घरात दुसरा नळ बंद, पंप बंद, दांड्याला हात नाही आणि तरी पाणी हळूहळू सरकत असेल, दांडा जड लागत असेल किंवा शॉवर ठिबकत असेल, तर कार्ट्रिज. मात्र गरम पाणी छोट्या इन्स्टंट किंवा गॅसच्या गिझरमधून येत असेल तर ही कसोटी पुरी पडत नाही. गॅसच्या गिझरला पेटत राहायला ठरावीक प्रवाह लागतो, आणि गारच्या जोराने गरमचा प्रवाह त्याखाली गेला की तो विझतो; तिथे आधी गिझर बघावा लागतो.

प्लंबर आला की त्याला गेज आहे का विचारा. नसेल तर दोन्ही बाजूंची बादली घड्याळ लावून भरायला सांगा. गार आणि गरम यांच्या वेळात दुपटीपेक्षा जास्त फरक असेल, तर नुसत्या कार्ट्रिजवर पैसे घालू नका, आधी तो फरक घालवा. आणि सोसायटीच्या सभेत वरच्या मजल्यांसाठी पंपाचा विषय निघाला, तर तो गारला लावणार की दोन्हीला, हा प्रश्न विचारा. पंप दोन्ही लाइनींना लावावा, नाहीतर लावूच नये.